पिल्लाचा वेलनेस प्लॅन घेताना: लसींच्या तारखा आणि प्लॅनचं वर्ष कसं जुळवायचं

अमेरिकेत पिल्लू घरी आणलं की पहिल्याच भेटीत क्लिनिकच्या काउंटरवर वेलनेस प्लॅनचा कागद पुढे येतो. महिन्याला ठरावीक हप्ता भरायचा आणि त्यात लसी, तपासण्या, जंतांचं औषध, काही वेळा नसबंदीही. यादी भरगच्च दिसते आणि लोक सही करून मोकळे होतात. पण प्लॅन परवडला की नाही, हे यादीवरून ठरत नाही. यादीतली प्रत्येक गोष्ट तुमच्या पिल्लाला त्याच बारा महिन्यांत लागणार आहे का, यावरून ते ठरतं. कारण न वापरलेली सेवा बहुतेक प्लॅनमध्ये वर्ष संपलं की रद्द होते आणि तिचे पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. न्यू जर्सीतलं घर, लॅब्रॅडॉरचं नर पिल्लू, जन्म 1 मार्च 2025. आठ आठवड्यांचं झाल्यावर, 26 एप्रिलला ते घरी आलं आणि त्याच दिवशी प्लॅन सुरू झाला. म्हणजे प्लॅनचं वर्ष 25 एप्रिल 2026 ला संपणार. ही शेवटची तारीख कागदावर ठळक लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब तिच्याभोवतीच फिरतो.

आधी प्लॅनची जात ओळखा

वेलनेस प्लॅन या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे क्लिनिकचा स्वतःचा प्लॅन. हा खरं तर वर्षभराचा करार असतो आणि हप्ते केवळ सोयीसाठी पाडलेले असतात. सेवा त्याच क्लिनिकमध्ये किंवा त्यांच्या साखळीत घ्यायच्या. यादी संख्येत असते: दोन सविस्तर तपासण्या, पिल्लाच्या लसींची मालिका, विष्ठेच्या दोन तपासण्या, असं.

दुसरी जात विम्याला जोडून मिळते. आजारपण आणि अपघाताची पॉलिसी वेगळी, आणि तिच्यावर जास्तीचे पैसे भरून घेतलेला वेलनेसचा भाग वेगळा. इथे तुम्ही कुठल्याही डॉक्टरांकडे जाता, बिल स्वतः भरता आणि पावती पाठवून पैसे परत मागता. यादी डॉलरमध्ये असते: लसींसाठी वर्षाला इतके, तपासणीसाठी इतके.

विमा नियामकांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनएआयसीने, 2022 मध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्यासाठी एक नमुना कायदा मंजूर केला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो आपापल्या कायद्यात घेतला. त्यात वेलनेस आणि विमा यांच्यात स्पष्ट रेघ मारली आहे. वेलनेस प्लॅन हा विमा आहे असं भासवून विकायचा नाही, विमा घ्यायचा तर वेलनेसही घ्यायलाच हवा अशी सक्ती करायची नाही आणि वेलनेसची किंमत वेगळी दाखवायची. त्यामुळे तुमच्या राज्यात तो लागू असेल, तर कोटेशनमध्ये दोन आकडे सुटे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते सुटे दिसल्याशिवाय पुढचा हिशोब करताच येत नाही.

लसींच्या तारखा मांडा

अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या मार्गदर्शनाप्रमाणे डिस्टेंपर, अ‍ॅडेनोव्हायरस आणि पार्वो यांची एकत्रित लस दर दोन ते चार आठवड्यांनी द्यायची आणि मालिकेतला शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा. हे वय असंच ठरवलेलं नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात असतात तोवर ती लसीलाच निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

आपल्या पिल्लाचे डोस मग असे पडतात: 26 एप्रिलला आठ आठवडे, 24 मे रोजी बारा, 21 जूनला सोळा. लेप्टोस्पायरोसिसचे दोन डोस 24 मे आणि 21 जूनला, बहुतेकदा त्याच एकत्रित सुईतून. गोचिडांमुळे होणाऱ्या लाइम रोगाचेही दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, कारण न्यू जर्सीत तो रोग भरपूर आहे. रेबीज बारा आठवड्यांनंतर केव्हाही देता येते. इथे ती 21 जूनला धरू. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये किंवा डे-केअरला ठेवणार असाल तर ते लोक बॉर्डेटेला, म्हणजे केनेल कफची लस, आणि काही ठिकाणी इन्फ्लुएन्झाचीही मागतात.

आता हे वेळापत्रक आणि प्लॅनची यादी शेजारी ठेवा. पहिली गल्लत लेप्टोपाशी निघते. पूर्वी ही लस ऐच्छिक गणली जायची. 2024 पासून असोसिएशनने ती सगळ्या कुत्र्यांसाठी मूलभूत लसींत घेतली. प्लॅनचा जुना मजकूर मात्र तिला अजूनही ऐच्छिक म्हणत असू शकतो. मग बिलावर एकत्रित लसीची ओळ येते, प्लॅन त्यातला लेप्टो नसलेल्या लसीपुरताच भाग उचलतो आणि फरक तुमच्याकडून घेतला जातो. लाइमच्या बाबतीत तर काही क्लिनिकांत ती लस फक्त वरच्या, महागड्या प्लॅनमध्ये असते. म्हणून ‘सगळ्या लसी आहेत ना?’ असं विचारू नका. एकेका लसीचं नाव घ्या आणि वर्षात तिचे किती डोस धरले आहेत ते विचारा. पहिल्या वर्षी लेप्टो आणि लाइमचे दोन-दोन लागतात. यादीत ‘एक’ लिहिलं असेल तर दुसरा तुमच्या खिशातून जाणार.

उलटही होतं. पिल्लू बारा आठवड्यांचं होऊन, दोन डोस घेऊन तुमच्याकडे आलं, तर मालिकेतले मोजकेच डोस उरतात. प्लॅनमध्ये तीन धरले असतील तरी उरलेले ‘संपवायचे’ म्हणून जास्तीची सुई कोणी टोचत नाही आणि टोचूही नये. त्या डोसांचे पैसे हप्त्यात गेलेच. अशा पिल्लासाठी क्लिनिककडे प्रौढ कुत्र्याचा प्लॅन मागा. बऱ्याचदा तो स्वस्त पडतो.

भारतातून कुत्रा घेऊन येणाऱ्यांसाठी हाच मुद्दा रेबीजला लागू होतो. रेबीजच्या बाबतीत भारत सीडीसीच्या जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे इथे उतरल्यावर सीडीसी-नोंदणीकृत केंद्रात अमेरिकी लस पुन्हा टोचली जाते. त्यानंतर लगेच घेतलेल्या प्लॅनमधली त्या वर्षीची रेबीज बहुधा वापराविनाच जाते.

रेबीज आणि टाउनशिपचं लायसन्स

न्यू जर्सीत या एका ठिकाणी फार लोक अडकतात, म्हणून जरा थांबून पाहू. पहिल्या रेबीज डोसाचं सर्टिफिकेट एक वर्षाचं असतं. आपल्या पिल्लाचं 21 जून 2026 पर्यंत चालेल. सात महिन्यांचं झालं की कुत्र्याचं टाउनशिपकडून लायसन्स काढावं लागतं, म्हणजे ऑक्टोबर 2025 मध्ये ते निघालं. बऱ्याच टाउनशिप जानेवारीत नूतनीकरण करतात. आणि राज्याचा नियम असा की लायसन्सच्या बारा महिन्यांपैकी किमान दहा महिने रेबीजची लस चालू असायला हवी.

जानेवारी 2026 ते डिसेंबर 2026 असं लायसन्स असेल, तर लस ऑक्टोबर अखेरपर्यंत तरी चालायला हवी. आपली जूनमध्येच संपते. खिडकीवरचा कर्मचारी सर्टिफिकेट पाहून अर्ज परत करतो आणि पुढचा डोस लवकर घ्यावा लागतो. हा दुसरा डोस जानेवारीत पडला, म्हणजे प्लॅनच्या पहिल्याच वर्षात! यादीतली वर्षाची एक रेबीज जूनमध्ये वापरून झालेली असते. दुसरीचं बिल पूर्ण लागतं.

यावर उपाय दोन. बऱ्याच टाउनशिप हिवाळ्यात मोफत रेबीज शिबिर भरवतात. तिथे हा डोस घ्या. किंवा आपल्या टाउनशिपचं लायसन्सचं वर्ष कधी सुरू होतं हे आधी विचारून पहिल्या डोसाची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा. लवकर घेतलेल्या दुसऱ्या डोसावर सर्टिफिकेट एक वर्षाचं मिळणार की तीन वर्षांचं, हे दोन डोसांमधल्या अंतरावर आणि लसीच्या लेबलवर अवलंबून असतं. सुई टोचण्याआधी हा प्रश्न विचारा, नंतर सर्टिफिकेट बदलून मिळत नाही.

यादीच्या बाहेर काय राहतं

वेलनेस प्लॅन आजारपणाचा खर्च उचलत नाही. कान दुखला, उलट्या झाल्या, मोजा गिळला, तर काही क्लिनिक-प्लॅनमध्ये डॉक्टरांची भेट फुकट असते, पण एक्स-रे, औषधं, ऑपरेशन यांचे पैसे लागतात, थोडीफार सवलत सोडली तर. रात्रीच्या इमर्जन्सी हॉस्पिटलात तर क्लिनिकच्या प्लॅनचा काहीच उपयोग नाही.

हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो समाविष्ट सेवांच्या आतल्या वगळण्यांवर. नसबंदी प्लॅनमध्ये आहे, पण पिल्लाचं एक अंडकोष खाली उतरलेलं नसेल तर पोटात किंवा जांघेत शोधून काढावं लागतं, आणि त्याचे जास्तीचे पैसे पडतात. दात साफ करणं प्लॅनमध्ये आहे, पण भुलीखाली गेल्यावर एखादा दुधाचा दात न पडता अडकलेला सापडला, तर तो उपटणं प्लॅनमध्ये नसतं. हार्टवर्मची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या हृदयातल्या जंतांची, रक्ततपासणी असते, पण महिन्याला द्यायची हार्टवर्मची गोळी आणि गोचीड-पिसवांचं औषध सहसा नसतं. आणि वर्षभराचा मोठा खर्च नेमका तोच असतो.

म्हणून नसबंदीच्या नोंदीपुढे चार गोष्टी लिहून घ्या: ऑपरेशनपूर्वीची रक्ततपासणी धरली आहे का, सलाइन धरलं आहे का, घरी न्यायचं वेदनाशामक आणि गळ्यातला कोन धरला आहे का, आणि वजनाप्रमाणे दर वाढतो का. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्यात शेवटचा प्रश्न सोडू नका.

प्रतीक्षा काळ

क्लिनिकचा प्लॅन सहसा पहिला हप्ता भरला त्याच दिवशी सुरू होतो. विम्याला जोडलेला वेलनेसचा भागही बहुधा लगेच किंवा दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. काही प्लॅनमध्ये दात साफ करणं आणि नसबंदी यांसाठी मात्र ठरावीक महिने थांबावं लागतं. वर्षात वापरायला उरलेले महिने त्यामुळे कमी होतात, हे हिशोबात घ्या.

खरी अडचण शेजारच्या आजारपणाच्या पॉलिसीत आहे. तिथे आजारांसाठी चौदा दिवसांची प्रतीक्षा सर्रास आढळते. नमुना कायद्यानुसार आजार आणि अपघाताशिवाय होणारे हाडा-सांध्यांचे त्रास यांसाठी ती तीस दिवसांहून जास्त ठेवता येत नाही आणि अपघातासाठी ठेवताच येत नाही. जिथे तो कायदा लागू नाही, तिथे गुडघ्याच्या अस्थिबंधासाठी सहा महिन्यांपर्यंतची अट दिसते. आता पाहा: वेलनेसच्या पहिल्या भेटीत डॉक्टर पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत तपासतात आणि सापडेल ते लिहितात. ‘डाव्या कानात मळ, सूज, लालसरपणा’ अशी एक ओळ त्या नोंदीत गेली आणि तुमच्या आजारपणाच्या पॉलिसीचे चौदा दिवस पूर्ण झालेले नसतील, तर कानाचा तो आजार आधीपासून असलेला मानला जाऊ शकतो. पुढे लॅब्रॅडॉरला कान पुन्हा पुन्हा सुजण्याची खोड लागली की क्लेम नाकारताना हीच ओळ दाखवतात.

यासाठी लस पुढे ढकलायची नाही. पार्वो थांबत नाही. करायचं ते असं: आजारपणाचा विमा घ्यायचाच असेल तर पिल्लाची तारीख पक्की झाली की लगेच त्याचा अर्ज करा आणि तो पिल्लू घरी येण्याच्या दिवसापासून सुरू होईल असं पाहा. पहिली लस ठरल्या दिवशीच द्या. त्यानंतर विमा कंपनीकडे नोंदी पाठवून आधीपासूनच्या आजारांचं लेखी परीक्षण मागा. बऱ्याच कंपन्या ते करून देतात. हरकत आली तर सुरुवातीच्या पंधरा दिवसांत, क्लेम केलेला नसेल तर, पॉलिसी परत करून पूर्ण पैसे घेण्याची सोय नमुना कायद्यात आहे.

पैशांचा हिशोब

विम्याला जोडलेल्या प्लॅनचं उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशोब दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या कागदावरचे घालून हाच हिशोब करा. हप्ता महिना 25 डॉलर, म्हणजे वर्षाचे 300. मिळणाऱ्या मर्यादा: तपासणी 50, लसी 75, विष्ठा तपासणी 25, हार्टवर्म तपासणी 25, कीड-प्रतिबंधक औषध 50, मायक्रोचिप 25, नसबंदी किंवा दात साफ करणं 150. बेरीज 400. जाहिरातीत ‘300 भरा, 400 मिळवा’ असं दिसतं.

आता आपलं पिल्लू. ब्रीडरने चिप आधीच बसवली आहे, 25 गेले. लसींची मर्यादा मेमधल्या दुसऱ्या भेटीपर्यंत संपेल, ते 75 पूर्ण मिळतील. हार्टवर्मची गोळी पिल्लाला तपासणीशिवाय सुरू करता येते आणि सहा महिन्यांनी रक्त तपासतात, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी. तेही वर्षात बसलं. राहिली नसबंदी. मोठ्या जातीच्या नर कुत्र्याची हाडांची वाढ पुरी होऊ द्यावी म्हणून ती नऊ ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान करण्याचा सल्ला दिला जातो. आपलं पिल्लू नऊ महिन्यांचं होतं 1 डिसेंबर 2025 ला आणि पंधराचं 1 जून 2026 ला. प्लॅन संपतो 25 एप्रिलला.

डॉक्टर म्हणाले ‘तेरा महिन्यांनी करू’, तर एप्रिलच्या सुरुवातीची तारीख घेता येते आणि 375 डॉलर परत मिळतात, भरले त्याहून 75 जास्त. डॉक्टर म्हणाले ‘पंधरा पूर्ण होऊ द्या’, तर ते 150 बुडाले, हाती 225 आले आणि 75 चा तोटा झाला. प्लॅन तोच, कुत्रा तोच. फरक फक्त काही आठवड्यांचा. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: या पिल्लाची नसबंदी तुम्ही ते किती महिन्यांचं झाल्यावर करायला सांगाल? उत्तर चौदा किंवा त्याहून जास्त असेल तर नसबंदी नसलेला साधा प्लॅन घ्या किंवा प्लॅनच घेऊ नका. प्लॅन वाया जाऊ नये म्हणून ऑपरेशन अलीकडे ओढणं मात्र चूक. सांधे त्याचे आहेत आणि ते त्याला आयुष्यभर वापरायचे आहेत.

शिल्लक पुढे जाते का?

करारात दोन गोष्टी शोधा. पहिली, वर्ष कोणतं मोजतात: करार सुरू झाल्यापासूनचे बारा महिने की जानेवारी ते डिसेंबर. कॅलेंडर वर्ष असेल आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली, तर पहिल्या वर्षाच्या मर्यादा तीनच महिन्यांत वापराव्या लागतील, पण जानेवारीत त्या नव्याने मिळतील. दुसरी गोष्ट म्हणजे ‘रोलओव्हर’ किंवा ‘कॅरीओव्हर’ हा शब्द. तो सापडला नाही तर शिल्लक पुढे जात नाही असंच धरा. काउंटरवर कोणी ‘होऊन जाईल’ म्हटलं तर त्यांना तेवढंच ईमेलवर लिहून मागा.

एक गोष्ट मात्र पुष्कळ जण चुकीची समजतात. सेवेची तारीख वर्षात बसायला हवी, क्लेमची नव्हे. 24 एप्रिलला केलेल्या तपासणीची पावती मे महिन्यातही पाठवता येते, फक्त क्लेमची मुदत पाहा. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. पावतीवर पिल्लाचं नाव, तारीख आणि प्रत्येक सेवेची वेगळी ओळ हवी. ‘पपी पॅकेज, 140 डॉलर’ अशी एकच ओळ असली की क्लेम परत येतो, कारण त्यातले लसीचे किती आणि तपासणीचे किती हे कंपनीला कळत नाही. पैसे भरतानाच ओळी सुट्या करून मागा.

क्लिनिकचा प्लॅन मध्येच सोडायचा झाला तर हिशोब निराळा. नोकरी बदलून टेक्सासला गेलात किंवा व्हिसामुळे पुण्याला परतावं लागलं, तरी करार वर्षाचाच असतो. साधारणपणे उरलेले हप्ते किंवा घेतलेल्या सेवांची पूर्ण किंमत वजा भरलेले हप्ते, असं काहीतरी मागितलं जातं. दोन्हींतली कमी रक्कम घेणार की त्यांना हवी ती, हे कलम सहीआधी वाचा. पिल्लाच्या सगळ्या लसी आणि नसबंदी पहिल्या सहा महिन्यांत उरकली असेल, तर बाहेर पडणं स्वस्त नसतं.

वर्ष संपण्याआधीचे साठ दिवस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात क्लिनिककडून वापरलेल्या आणि उरलेल्या सेवांची यादी मागवा. आपल्या उदाहरणात बहुधा दुसरी सविस्तर तपासणी आणि विष्ठेची दुसरी तपासणी उरलेली असेल. विष्ठेचा ताजा नमुना, सुपारीएवढा, झाकणाच्या डबीत त्याच दिवशी न्या. वाळलेल्या नमुन्यात जंतांची अंडी नीट सापडत नाहीत. मार्चमधली अपॉइंटमेंट घ्या, कारण एप्रिलमध्ये गोचिडांचा हंगाम सुरू झाला की क्लिनिकांत गर्दी होते.

एकत्रित लसीचा पुढचा डोस, तसेच लेप्टो आणि लाइमचे वार्षिक डोस जून 2026 मध्ये येतात, म्हणजे दुसऱ्या वर्षात. एकत्रित लस त्यानंतर तीन वर्षांनी एकदा लागते. लेप्टो आणि लाइम दरवर्षी. प्लॅन आपोआप नूतन होतो आणि पिल्लाच्या प्लॅनची जागा प्रौढ कुत्र्याचा प्लॅन घेतो, वेगळ्या यादीसह आणि वेगळ्या हप्त्यासह. दुसऱ्या वर्षाची बेरीज याच पद्धतीने नव्याने करा: एक तपासणी, एकत्रित लस, लेप्टो, लाइम, बॉर्डेटेला, हार्टवर्मचं रक्त, विष्ठा. यांचे सुटे दर क्लिनिकला विचारून बेरीज वर्षाच्या हप्त्यापेक्षा कमी निघाली, तर नूतनीकरण थांबवा. त्यासाठीची सूचना करारात दिलेल्या मुदतीआधी लेखी द्यावी लागते. ती दिल्याची पोच आणि सर्व लसींच्या बॅच क्रमांकांसह पूर्ण नोंद, दोन्ही त्याच ईमेलमध्ये मागून घ्या.